बाहेरून करपट, आतून वातड : भोपळा, सूर्यफूल आणि कलिंगडाच्या बिया भाजताना नेमके कुठे बिघडते

तीन प्रकारच्या सोललेल्या बिया एकाच कढईत टाकून भाजल्या, की परातीत जे उतरते ते बहुतेक सारखेच असते. कलिंगडाच्या बियांच्या कडा तपकिरी झालेल्या असतात, सूर्यफुलाच्या बियांची टोके काळी पडलेली असतात आणि भोपळ्याच्या बिया मात्र वरून चकचकीत हिरव्या, पण चावल्यावर चिवट लागतात. माझ्याकडून हे सलग तीन वेळा झाले. प्रत्येक वेळी मी आच थोडी आणखी कमी केली आणि प्रत्येक वेळी निकाल तोच आला, फक्त दहा मिनिटे उशिरा. आच कमी ठेवण्याचा सल्ला चुकीचा नाही, पण तो अपुरा आहे. या बिघाडाची कारणे दोन आहेत आणि दोन्ही वेगवेगळी असल्यामुळे एकाच उपायाने दोन्ही जात नाहीत.

पहिले कारण असे, की कुरकुरीतपणा आणि रंग या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बी कुरकुरीत होते ती तिच्यातले पाणी निघून गेल्यामुळे. बाजारातून आणलेली सोललेली बी हाताला पूर्ण कोरडी लागते, पण तिच्या पोटात थोडा ओलावा शिल्लक असतोच, आणि पावसाळ्यात उघड्या पोत्यातून विकत घेतलेल्या बीत तो अधिक असतो. हा ओलावा बाहेर पडायला फार मोठी उष्णता लागत नाही, वेळ मात्र लागतो. रंग आणि खमंग वास यांचे उलट आहे. बीचा पृष्ठभाग साधारण १४० अंश सेल्सिअसच्या वर गेला, की ते दोन्ही भराभर येऊ लागतात आणि खमंग वासापासून करपट वासापर्यंतचे अंतर जेमतेम मिनिटाभराचे असते. आच मोठी ठेवली तर पोटातले पाणी निघण्याआधीच वरचा थर रंग धरतो, आणि मग रंग पाहून आपण बी उतरवतो तेव्हा ती आतून अजून ओलसर असते. आधी वाळवणे आणि मग रंग आणणे हा क्रम पाळला, की अर्धे काम होते.

दुसरे कारण साधे आहे, पण सर्वांत जास्त बिया तेच वाया घालवते. तिन्ही बियांची जाडी वेगळी आहे. भोपळ्याची बी जाडसर आणि भरीव असते. कलिंगडाची बी रुंद, चपटी आणि कडेला फारच पातळ असते. सूर्यफुलाची बी लहान, तेलाने भरलेली आणि एका टोकाला निमुळती असते, त्यामुळे ते टोक सर्वांत आधी काळे पडते. एकाच कढईत या तिघींना एकच वेळ मिळाली, तर कोणा एकीचे तरी नुकसान ठरलेलेच आहे. मिश्रण भाजल्यावर करायचे असते, आधी नाही. तयार मिश्र पाकीट आणून थेट कढईत ओतण्याचा मोह मलाही होतो, पण अशा पाकिटातून तीन बिया वेगळ्या करणे हे काम शिक्षा म्हणूनच कुणाला द्यावे. त्यापेक्षा तिन्ही बिया सुट्या आणाव्यात.

आणताना आणखी एक गोष्ट बघून घ्यावी. ‘मगज’ या नावाने दुकानात कधी कलिंगडाची, कधी खरबुजाची बी मिळते आणि ‘चार मगज’ म्हटले की खरबूज, कलिंगड, काकडी आणि भोपळा यांच्या बियांचे मिश्रण समजले जाते. खरबुजाची बी कलिंगडाच्या बीपेक्षा अरुंद आणि सडपातळ असते, त्यामुळे ती आणखी लवकर लागते. तुमच्या ‘कलिंगडाच्या’ बिया सांगितलेल्या वेळेच्या आधीच तपकिरी होत असतील, तर आच तपासण्यापूर्वी बी तळहातावर घेऊन नीट पाहावी.

गरम बी चाखून निर्णय घेऊ नका

करपण्याच्या तक्रारींमागे माझ्या मते सर्वांत मोठा वाटा या एका सवयीचा आहे. आपण कढईतून एक बी उचलतो, फुंकर मारतो, तोंडात टाकतो, ती मऊ लागते आणि आपण म्हणतो, “अजून झाल्या नाहीत, दोन मिनिटे राहू देत.” ही दोन मिनिटेच घात करतात. गरम बी कुरकुरीत लागतच नाही, ती पूर्ण भाजलेली असली तरीही. शेंगदाणे भाजताना आपल्याला हे सवयीने ठाऊक असते. भाजलेले दाणे गार होईपर्यंत कुणी त्यांची साले चोळत नाही आणि त्यांचा खुसखुशीतपणाही तेव्हाच कळतो. बियांच्या बाबतीत मात्र आपण हे विसरतो. बीचा कडकपणा ती गार होताना येतो.

म्हणून चाखण्याची रीत बदलावी लागते. शेगडीशेजारी स्टीलची एक ताटली पालथी घालून ठेवावी. चाखायची वेळ आली की कढईतल्या चार-पाच बिया त्या ताटलीवर टाकाव्यात, गॅस बंद करावा आणि एक मिनिट थांबावे. स्टील बियांची उष्णता पटकन ओढून घेते. मग एक बी दोन बोटांच्या नखांमध्ये धरून मोडावी. कट् असा आवाज होऊन ती स्वच्छ तुटली, तर झाली. ती वाकून मग तुटली किंवा मधोमध नुसती चुरगळली, तर पुन्हा मंद आचेवर दोन मिनिटे. गॅस बंद करण्याने काही बिघडत नाही, कारण जाड कढई त्या मिनिटभरात फारशी निवत नाही, आणि तेवढ्या वेळात हाताने बिया हलवत राहिले म्हणजे झाले.

मोडलेल्या बीचा आतला रंगही बघून घ्यावा. भोपळ्याच्या बाबतीत तर हाच एक खरा रंग आहे, कारण तिची हिरवी साल बाहेरचा बदल बराच वेळ झाकून ठेवते. कच्च्या बीचा गाभा फिकट हिरवट पांढरा असतो, नीट भाजलेल्या बीचा मलईसारखा पिवळसर होतो आणि तो बदामी रंगाच्या पुढे गेला, की चव कडवटपणाकडे झुकू लागते. वरून हिरवी दिसणारी बी आतून तपकिरी निघाली, तर आच मोठी नव्हती, पण वेळ फार झाला असे समजावे. वरून काळे ठिपके आणि आतून हिरवट पांढरी निघाली, तर आच मोठी होती. या दोन दोषांचे उपाय परस्परविरुद्ध असल्यामुळे बी मोडून पाहिल्याशिवाय पुढच्या वेळी काय बदलायचे ते ठरवता येत नाही.

४५० ग्रॅमची एक खेप, सुरुवातीपासून

मी साधारण महिन्याला २०० ग्रॅम भोपळ्याच्या, १५० ग्रॅम सूर्यफुलाच्या आणि १०० ग्रॅम कलिंगडाच्या सोललेल्या बिया भाजते. चौघांच्या घरात ते मिश्रण तीन आठवडे पुरते आणि तेवढ्यातच संपलेले बरे असते, याचे कारण पुढे येईलच.

पहिले काम मिठाचे. भाजून झाल्यावर वरून भुरभुरलेले मीठ बीला चिकटत नाही, ते डब्याच्या तळाशी जाऊन बसते आणि शेवटच्या दोन मुठी खारट लागतात. त्यासाठी एक सपाट चहाचा चमचा बारीक मीठ दोन मोठे चमचे पाण्यात पूर्ण विरघळवून घ्यावे, त्यातले निम्म्याहून थोडे अधिक पाणी भोपळ्याच्या बियांवर आणि उरलेले सूर्यफुलाच्या बियांवर शिंपडून दोन्ही बिया वेगवेगळ्या हाताने चोळाव्यात आणि सुती कापडावर पसरून पंख्याखाली अर्धा ते पाऊण तास ठेवाव्यात. कलिंगडाच्या बियांना मी मिठाचे पाणी लावत नाही. त्या पातळ असल्याने पाणी पिऊन लगेच मऊ पडतात, एकमेकींना चिकटतात आणि कढईत त्यांचे पापुद्रे सुटू लागतात. शिवाय बाकीच्या दोघींचे मीठ मिश्रणाला पुरेसे होते.

सासूबाई हे पाहून म्हणाल्या होत्या, “कुरकुरीत करायचंय आणि आधी भिजवतेस?” शंका रास्त होती. पण पाणी फक्त पृष्ठभागावर असते, ते पहिल्या दोन-तीन मिनिटांतच उडून जाते आणि तेवढा वेळ बीच्या वरच्या थराचे तापमान चढू देत नाही. त्या सवलतीत बी आतपर्यंत हळूहळू तापते. फक्त कापडावर पसरण्याची पायरी चुकवायची नाही, कारण निथळत्या बिया कढईत गेल्या तर त्या भाजल्या न जाता वाफवल्या जातात आणि तेव्हा आलेला वातडपणा शेवटपर्यंत रेंगाळतो.

आता क्रम. पुष्कळ जण जाड बी आधी आणि पातळ बी शेवटी भाजतात. मला उलटा क्रम अधिक सोयीचा वाटतो. लोखंडी कढई दर खेपेला अधिकाधिक उष्णता साठवत जाते, आणि तिसऱ्या खेपेला तीच मंद आच पहिल्या खेपेपेक्षा कितीतरी कडक झालेली असते. म्हणून सर्वांत नाजूक कलिंगडाची बी आधी, मग सूर्यफूल आणि शेवटी भोपळा. दोन खेपांमध्ये गॅस बंद करून दोन मिनिटे थांबावे आणि तळाला राहिलेला चुरा कोरड्या फडक्याने पुसून टाकावा. हा चुरा पुढच्या खेपेत सर्वांत आधी जळतो आणि त्याचा करपट वास चांगल्या बियांनाही लागतो. एका वेळी कढईत बियांचा थर बोटाच्या जाडीपेक्षा जास्त नसावा. जास्त बिया घातल्या तर तळच्या भाजतात आणि वरच्या वाफ खात बसतात, आणि कितीही परतले तरी तो फरक भरून निघत नाही.

कलिंगडाच्या बिया कोमट कढईत घालाव्यात, कडकडीत तापलेल्या कढईत नाही. सर्वांत लहान आचेवर लाकडी उलथन्याने सतत हलवत राहावे. साधारण दोन मिनिटांनी त्यांचा चकचकीत पांढरेपणा जाऊन त्या दुधी दिसू लागतात, तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला काही बिया किंचित फुगतात, एखाददुसरी उडते. इथे थांबायचे असते. त्या मलईच्या रंगाच्या दिसताच परातीत उतरवाव्यात. कढईत असताना त्या सोनेरी दिसल्या, तर परातीत त्या तपकिरी होणार हे नक्की, कारण बाहेर काढल्यावरही त्यांच्या अंगातली उष्णता मिनिट-दोन मिनिटे काम करत राहते. माझ्या शेगडीवर या सगळ्याला चार ते पाच मिनिटे लागतात. तुमच्याकडे बर्नर मोठा असेल किंवा भांडे पातळ असेल, तर वेळ वेगळी येईल, म्हणून मिनिटांपेक्षा खुणांवर विश्वास ठेवावा.

सूर्यफुलाच्या बियांना सहा ते सात मिनिटे लागतात. त्या उडत नाहीत, फुगत नाहीत, त्यामुळे त्यांच्याबाबतीत आवाज आणि वास यांवरच राहावे लागते. सुरुवातीला उलथने फिरवताना आवाज दबका, ओल्या वाळूसारखा येतो. पाणी उडाले की तोच आवाज सुटा आणि खळखळता होतो. हा बदल एकदा कानाने ओळखला की मग विसरत नाही. त्यानंतर साधारण दोन मिनिटांत भाजलेल्या शेंगदाण्याच्या जवळ जाणारा वास येतो आणि करडट पांढऱ्या बियांच्या कडांवर फिकट सोनेरी छटा दिसते. दहांपैकी तीन-चार बियांवर ती छटा आली की उतरवावे. सगळ्या एकसारख्या सोनेरी होण्याची वाट पाहिली, तर तोपर्यंत पहिल्या तीन-चार काळ्या झालेल्या असतात, आणि सूर्यफुलाच्या दहा करपलेल्या बिया संपूर्ण डब्याची चव बिघडवायला पुरतात.

भोपळ्याच्या बिया सर्वांत समजूतदार, कारण त्या स्वतःच सांगतात. चार-पाच मिनिटांनी त्या तडतडू लागतात. पोटातल्या पाण्याची वाफ होते, ती बाहेर पडायला वाट शोधते आणि चपटी बी फुगून टरटरीत होते. तडतड जोरात असेपर्यंत आतले पाणी अजून निघते आहे असे समजावे. ती विरळ होऊ लागली, म्हणजे दोन तडतडींमध्ये तीन-चार सेकंदांचे अंतर पडू लागले, की ताटलीवरची चाचणी घ्यावी. एकूण आठ ते नऊ मिनिटे होतात. तडतड सुरू होताच घाबरून गॅस बंद करणे ही या बीच्या वातडपणामागची नेहमीची चूक आहे. आणि तडतड जर दुसऱ्याच मिनिटाला सुरू झाली, तर कढई फार तापलेली आहे. अशा वेळी कढई उचलून बाजूला धरावी, अर्धा मिनिट हलवावी आणि मग लहान आचेवर परत ठेवावी.

तिन्ही बिया वेगवेगळ्या परातींत किंवा ताटांत एकेरी थरात पसरायच्या. कढईतच सोडून दिल्या तर गॅस बंद असूनही तळच्या बिया करपतात. ज्यांना खात्री हवी असेल, त्यांनी स्वयंपाकाच्या काट्यावर आधी आणि नंतर वजन करून पाहावे. माझ्याकडे १०० ग्रॅम कोरड्या बियांचे भाजून झाल्यावर ९५ ग्रॅमच्या आसपास उरतात. वजन ९८ वर अडकले असेल, तर रंग कितीही देखणा दिसला तरी दुसऱ्या दिवशी त्या बिया वातड लागतात, हे मी पाहिलेले आहे. मिठाचे पाणी लावण्यापूर्वीचे वजन धरायचे, नंतरचे नाही, एवढे मात्र लक्षात ठेवावे.

तिखट, चाट मसाला, हळद किंवा मिरपूड घालायची असेल, तर ती गॅस बंद केल्यानंतर, बिया परातीत उतरवल्यावर आणि त्या गरम असतानाच घालावी. तिखट कढईत गेले की काही सेकंदांत काळे पडते आणि मग बिया करपल्या असे आपल्याला वाटते, प्रत्यक्षात मसाला करपलेला असतो. मसाला चिकटावा म्हणून तेल लागतेच असे नाही. ४५० ग्रॅमला अर्धा चमचा तेल पुरते आणि तेही घालायचे असेल तर मिश्रण आठवडाभरात संपणार असेल तरच घालावे.

ओव्हनमध्ये भाजणाऱ्यांसाठी

ओव्हनमध्ये हात चालवावा लागत नाही, म्हणून दुर्लक्ष होते आणि तेवढ्यात ट्रेच्या कडेच्या बिया जातात. १५० अंशांवर आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये, मधल्या खणात, एकेरी थरात पसरलेल्या भोपळ्याच्या बियांना १२ ते १४ मिनिटे, सूर्यफुलाला १० ते १२ आणि कलिंगडाला सात-आठ मिनिटे लागतात. मध्ये दोनदा ट्रे बाहेर काढून कडेच्या बिया मध्ये आणि मधल्या कडेला कराव्यात आणि ट्रेची दिशा फिरवावी. काळ्या ट्रेवर बियांचा खालचा भाग लवकर रंगतो, त्यामुळे त्यावर बटर पेपर घालावा. घरगुती ओटीजीची बटणे दहा-वीस अंशांनी इकडेतिकडे असणे नवलाचे नाही. तुमच्याकडे दर वेळी सांगितलेल्या वेळेआधी करपत असेल, तर वेळ नव्हे, अंश कमी करावेत. मायक्रोवेव्हमध्ये बी पोटातून आधी जळू शकते आणि वरून त्याची काही खूण दिसत नाही, म्हणून मी त्यात बिया भाजतच नाही.

घरच्या फळातल्या, सालासकटच्या बिया

लाल भोपळा चिरल्यावर निघालेल्या किंवा उन्हाळ्यात कलिंगडातून जमवलेल्या सालासकटच्या बियांचा बिघाड वेगळा असतो. इथे साल जळते आणि आतला गर कच्चा राहतो, कारण साल आणि गर यांच्यामध्ये हवेची पोकळी असते आणि ती उष्णता आत जाऊ देत नाही. त्यात सालीला चिकटलेल्या भोपळ्याच्या तंतूंमध्ये किंवा कलिंगडाच्या रसात साखर असते, ती सर्वांत आधी जळते. म्हणून धुण्यात आळस करू नये. बिया चाळणीत घेऊन वाहत्या पाण्याखाली दोन्ही हातांनी चोळाव्यात, बुळबुळीतपणा पूर्ण जाईपर्यंत.

मग त्या उकळाव्यात. एक वाटी बियांना चार वाट्या पाणी आणि दोन मोठे चमचे मीठ घेऊन भोपळ्याच्या बिया १० मिनिटे, कलिंगडाच्या काळ्या बिया १५ मिनिटे उकळल्या, की उष्णता आणि मीठ दोन्ही सालीच्या आत पोहोचते आणि पुढे भाजताना फक्त वाळवण्याचे आणि खमंगपणाचे काम उरते. उकळलेल्या बिया कापडावर रात्रभर वाळवाव्यात. एप्रिल-मे महिन्यात गच्चीवर ऊन असेल तर कलिंगडाच्या बियांना दोन दिवस द्यावेत. कागदावर वाळवू नयेत, त्या घट्ट चिकटतात. वाळलेल्या भोपळ्याच्या बियांना ओव्हनमध्ये १५० अंशांवर २५ ते ३० मिनिटे लागतात.

कढईत भाजायच्या असतील तर भडभुंज्याची रीत उत्तम. तो चणे-फुटाणे तापलेल्या वाळूत भाजतो, कारण वाळू दाण्याला चहूबाजूंनी सारखी उष्णता देते आणि दाण्याचा कढईच्या तळाशी थेट संबंध येऊ देत नाही. घरी वाळूऐवजी अर्धा किलो जाडे मीठ कढईत मध्यम आचेवर पाच मिनिटे तापवावे, आच लहान करावी, त्यात एक वाटी बिया घालून १० ते १२ मिनिटे हलवत राहावे आणि चाळणीतून मीठ गाळून घ्यावे. तेच मीठ डब्यात भरून पुढच्या वेळी वापरता येते. कलिंगडाच्या काळ्या बीचा रंग बदललेला दिसत नसल्यामुळे तिथे दर तीन मिनिटांनी एक बी गार करून फोडून बघण्याला पर्याय नाही. सूर्यफुलाच्या सालासकट बिया शेतातून आणल्या असतील, तर तिथेही हीच मिठाची रीत चालते. फक्त तेलासाठी पिकवलेल्या काळ्या, बारीक बियांची साल इतकी गराला चिकटून असते, की त्या सोलून खाण्याचा खटाटोप फारसा परवडत नाही.

दुसऱ्या दिवशी सादळणे

संध्याकाळी कुरकुरीत असलेल्या बिया सकाळी मऊ लागल्या, तर आधी हे ठरवावे लागते, की त्या मुळातच अर्धवट भाजल्या होत्या की नंतर सादळल्या. गार झाल्यावर, डब्यात भरण्यापूर्वी एक बी मोडून पाहिली असेल तर उत्तर तुमच्याकडे आहेच. तेव्हा ती कट् वाजली होती, तर दोष साठवणीचा.

साठवणीत तीन गोष्टी नडतात. बिया कोमट असताना झाकण लावले, की त्यांची वाफ झाकणाच्या आतल्या बाजूला दवासारखी जमते आणि परत बियांवर पडते. उलट, पावसाळ्यात मुंबई, कोकण किंवा गोव्यात बिया रात्रभर परातीत उघड्या ठेवल्या, तर त्या हवेतला ओलावा ओढून घेतात. म्हणून पंख्याखाली २०-२५ मिनिटे आणि हाताच्या पालथ्या बाजूला अजिबात ऊब लागत नाही याची खात्री झाली, की लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात. तिसरी गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही, ती म्हणजे मनुका. मनुका, खजुराचे तुकडे किंवा गुळाचे खडे मिश्रणात घालून ठेवले, की त्यांच्यातला ओलावा हळूहळू बियांमध्ये जातो. मनुका कोरड्या होतात आणि बिया मऊ. डबा कितीही घट्ट असला तरी हे घडते, कारण ओलावा डब्याच्या आतच आहे. मनुका खाताना मिसळाव्यात. जाडे मीठ लावलेल्या बियांनाही पावसाळ्यात तसेच पाणी सुटते, म्हणून वर बारीक मीठ म्हटले आहे.

सादळलेल्या बिया परत कुरकुरीत होतात. कढईत सर्वांत लहान आचेवर चार-पाच मिनिटे किंवा ओव्हनमध्ये १२० अंशांवर सहा मिनिटे पुरतात. या वेळी रंग अजिबात बदलता कामा नये, कारण आपल्याला फक्त पाणी घालवायचे आहे. मात्र तीच बी तिसऱ्यांदा तापवावी लागत असेल, तर ती संपवून टाकावी, कारण दर वेळी तिच्यातले तेल थोडे थोडे बिघडत जाते.

आता चवीचे. कडवट लागणारी प्रत्येक बी करपलेली नसते. करपट कडूपणाबरोबर जळका वास असतो आणि मोडल्यावर आतला रंग गडद दिसतो. खवट बीला जुन्या तेलाचा किंवा ओल्या रंगाचा वास येतो आणि तिची चव घशात मागे रेंगाळते. सूर्यफुलाच्या बीत जवळजवळ निम्मे तेल असल्याने ती सर्वांत आधी खवट होते, आणि भाजल्यावर तर कच्च्या बीपेक्षाही लवकर. महिन्याला एकच खेप भाजावी ती यासाठी. पुष्कळदा बी दुकानातूनच खवट आलेली असते आणि भाजताना तिचा वास उफाळून येतो, म्हणून पाकीट फोडल्यावर कच्च्या दोन-तीन बिया चावून बघितल्याशिवाय कढई तापवू नये. खवट बी कितीही भाजली तरी सुधारत नाही.

घरच्या भोपळ्याची बी रंगाने चांगली, वासाने चांगली आणि तरीही पहिल्याच घासाला तीव्र कडू लागली, तर मूळ भोपळाच कडू होता. या कुळातल्या फळांमध्ये कधी कधी क्युकरबिटासिन नावाचे कडू आणि पोटाला त्रासदायक द्रव्य जास्त प्रमाणात उतरते, आणि ते उकळण्याने किंवा भाजण्याने जात नाही. तो घास थुंकून द्यावा, बिया आणि भाजीसाठी चिरलेला भोपळा दोन्ही टाकून द्यावे आणि त्यातले बी पुढच्या वर्षी परसात लावायला ठेवू नये.